फळी वजनाने नाही, टेकण्याने फुटते

बाथरूममधली काचेची फळी फुटली की घरात पहिला दोष वजनावर जातो. बाटल्या जास्त झाल्या, काच पातळ घेतली, पुढच्या वेळी जाड घेऊ. हिशेब केला तर हे पटत नाही. फ्लॅटमध्ये नेहमी बसते तशी एक फळी घेऊ: ६०० मिलिमीटर लांब, १२० रुंद, ८ जाड. काचेचे वजन एका चौरस मीटरला, जाडीच्या दर मिलिमीटरमागे अडीच किलो असते, म्हणजे ही फळी जेमतेम दीड किलोची. तिच्याखाली जवळजवळ पूर्ण रुंदीभर जाणारे दोन ब्रॅकेट टोकांपासून १२० मिलिमीटर आत लावले आणि वर पाच किलो सामान पसरून ठेवले, तर वाकण्यामुळे काचेत येणारा ताण चौरस मिलिमीटरला एक न्यूटनच्याही आत राहतो. टफन न केलेल्या साध्या काचेवरसुद्धा कायमच्या भारासाठी सात न्यूटनच्या आसपास ताण धरून चालतात. म्हणजे शाम्पूच्या बाटल्या या प्रकरणात निर्दोष आहेत. काच फुटते ती जिथे कठीण वस्तूला टेकलेली असते तिथून, आणि ती कशाला टेकणार हे फळी बसवतानाच ठरलेले असते.

लोखंडाची पट्टी एखाद्या खड्यावर टेकली तर खड्याखाली थोडी दबते आणि भार आजूबाजूला पसरतो. काचेला असे दबणे जमत नाही. ब्रॅकेटवर राहिलेला धातूचा कीस, टाइलच्या सांध्यातून वर आलेला सिमेंटचा कण, आवळलेल्या स्क्रूचे टोक, यांपैकी काहीही काचेला लागले की सगळा भार सुईच्या टोकाएवढ्या जागेवर येतो. त्यातून काचेची कड म्हणजे तिची सर्वांत दुबळी जागा. हिरकणीने कापताना कडेला बारीक तडे राहतात, पॉलिश केल्याने ते कमी होतात, पण संपत नाहीत. ताणाखालच्या साध्या काचेत असा तडा ओलाव्याच्या संगतीने फार सावकाश वाढत जातो, आणि बाथरूममध्ये ओलाव्याला तोटा नसतो. म्हणूनच महिनोन्‌महिने नीट राहिलेली फळी एखाद्या पहाटे, कोणी हात लावला नसताना फुटते, आणि ती ‘आपोआप’ फुटली असे वाटते.

यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे: काच आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये रबर, आणि काचेच्या कडा भिंतीपासून सुट्या. रबर दोन ते तीन मिलिमीटर जाडीचे, सगळीकडे एकाच जाडीचे हवे. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालण्याची पद्धत अजून आहे. काहीच नसण्यापेक्षा ते बरे, पण ट्यूब पातळ असते, आणि एका ब्रॅकेटवर एक घडी, दुसऱ्यावर दोन, असे झाले की फळी डुगडुगते. सिलिकॉन किंवा ईपीडीएम रबराच्या तयार चकत्या ओलाव्यात जास्त टिकतात. वरून काच पकडणारे ब्रॅकेट असतील तर वरही चकती हवी, आणि स्क्रूचे टोक काचेवर न येता नायलॉनच्या किंवा धातूच्या टोपीवर यायला हवे. स्क्रू बोटाने लागेल तेवढा लावायचा, मग ॲलन की फक्त पाव फेरा फिरवायची. रबर कडेने जरासे फुगलेले दिसले की थांबायचे. तिसरा ब्रॅकेट लावण्याचा मोह टाळावा. भिंत सरळ नसते, त्यामुळे तीनपैकी एक थोडा वर किंवा खाली जातो आणि काच त्यावर जबरदस्तीने वाकवली जाते. या लांबीला दोन पुरतात.

खरा गोंधळ होतो तो मापात. दोन भिंतींच्या मधल्या कोनाड्यात फळी बसवायची आहे असे समजू. मिस्त्री समोरून टेप लावतो, ६०० भरतात, काचवाल्याला ६०० सांगितले जाते. पण टाइल लावलेल्या भिंती काटकोनात क्वचितच असतात. त्याच कोनाड्यात मागच्या बाजूला ५९७ आणि मध्ये ५९९ भरणे अगदी नेहमीचे आहे. मोजायचे ते फळीच्या उंचीवर, मागे, मध्ये आणि पुढे, आणि धरायचे सर्वांत लहान माप. त्यातून दोन्ही बाजूंना एकेक सूत, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर, सोडायचे: ५९७ मधून ६ गेले, ५९१. मागच्या भिंतीपासूनही तेवढेच अंतर. काच टफन होऊन येताना मापात एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होऊ शकते, तेही या मोकळ्या जागेत सामावते. लाकडी कपाटातही हाच नियम लावावा, कारण पावसाळ्यात प्लाय फुगते आणि बाजूच्या फळ्या आत येतात.

ही जागा गरम पाण्याच्या वाफेने काच फुगते म्हणून सोडतात, असे बरेच जण सांगतात. ते पूर्ण खरे नाही. तापमान तीस अंशांनी वाढले तरी ६०० मिलिमीटरची काच मिलिमीटरच्या सहाव्या भागाएवढीच वाढते. तेवढ्यासाठी एक सूत लागत नाही. जागा लागते ती भिंतीच्या वाकडेपणासाठी, आणि बाटली ठेवताना फळी जराशी सरकली तरी तिचा कोपरा टाइलवर आदळू नये म्हणून. व्हिट्रिफाइड टाइल काचेपेक्षा कठीण असते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

‘आमची काच टफन आहे, तिला हे लाड कशाला?’ असा आक्षेप हमखास येतो. बाथरूममध्ये टफन काचच घ्यावी, कारण तिथे आपण अनवाणी असतो आणि साध्या काचेचे सुरीसारखे तुकडे होतात. आयएस २५५३ चा शिक्का कोपऱ्यात आहे का तेही बघावे. पण टफन काचेची ताकद तिच्या पृष्ठभागाच्या दाबात असते, आणि हा दाबाचा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या सुमारे पाचव्या भागापर्यंतच असतो. आठ मिलिमीटरच्या काचेत तो दीड मिलिमीटरच्या आसपास. कोपऱ्याचा टवका त्याहून खोल गेला की आतला ताण मोकळा होतो आणि सगळी फळी एका क्षणात चुरा होते. म्हणजे कडेच्या बाबतीत टफन काच अधिक नाजूक धरायला हवी. शिवाय टफन झाल्यावर ती कापता किंवा घासता येत नाही. कोनाड्यात बसत नसलेली काच दगडाने घासून बसवणारा मिस्त्री तीच काच फोडण्याची तयारी करत असतो. अशी काच परत करावी.

दुसरा आक्षेप फटीचा: तिच्यात साबणाचा मळ साचतो, म्हणून ती सिलिकॉनने भरून टाकावी. मऊ, न्यूट्रल सिलिकॉनने भरायला हरकत नाही, पण काच आधी रबरावर बसलेली आणि तिन्ही बाजूंनी सुटी हवी. टेकलेल्या काचेवर बाहेरून सिलिकॉन फिरवले तर चूक फक्त झाकली जाते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन धातूच्या ब्रॅकेटजवळ वापरू नये, ते धातूला गंज चढवते. फळी सरकू नये म्हणून रबराच्या चकतीवर सिलिकॉनचा एक छोटा ठिपका पुरतो.

मिस्त्रीचे पैसे देण्याआधी दोन गोष्टी करून बघा. लग्नपत्रिकेचा जाड कागद मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या फटीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, आणि फळीचे चारही कोपरे आलटून पालटून हलके दाबा. कागद कुठे अडला, किंवा एखादा कोपरा हलला, तर फळी उतरवून पुन्हा बसवायला सांगा.