वितळलेले चॉकलेट अचानक का आटते?

खजुरावर चढवण्यासाठी 200 ग्रॅम डार्क चॉकलेट वितळवले. छान गुळगुळीत झाले आणि झाकणावरच्या वाफेचा एक थेंब पडताच त्याचा रवाळ, घट्ट गोळा बनला. असे का झाले?

चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे बारीक कण कोकोच्या चरबीत पसरलेले असतात. पाणी जवळजवळ नसतेच. थेंबभर पाण्याने साखर ओली होऊन चिकट बनते आणि कण एकमेकांना धरून बसतात.

उपाय उलटा वाटेल: आणखी पाणी घाला! भांडे आचेवरून उतरवा. गरम पाणी किंवा दूध एकेक मोठा चमचा घालून ढवळत राहा. 200 ग्रॅमला साधारण चार चमचे लागतात. पुरेसे पाणी मिळाले की गुठळ्या सुटतात आणि चॉकलेट पुन्हा चकचकीत होते. जळका वास येत असेल तर मात्र ते करपले आहे; त्याला उपाय नाही.

हे चॉकलेट सॉस म्हणून किंवा गरम दुधात वापरा. खजुरावर ते कडक बसणार नाही. त्यासाठी दुसरे वितळवा. भांडे आणि चमचा कोरडे हवेत, वर झाकण नको.