‘नोंद घेतली’ म्हणजे नेमके काय केले?

३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची, म्हणून नाशिकच्या गृहनिर्माण संस्थांत दरवर्षी सचिवांची धांदल उडते. अहवाल नवा छापला जातो. सभावृत्त मात्र बरेचदा गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवले जाते. क्रियापदेही तीच राहतात, आणि गडबड तिथेच होते.

लेखापरीक्षण अहवालापुढे ‘नोंद घेण्यात आली’ असे लिहिले, तर अहवाल सभेसमोर आला एवढेच सिद्ध होते. त्यातले आक्षेप सभेला पटले किंवा ते निकाली निघाले, असा त्याचा अर्थ नाही. सहकार कायद्याच्या कलम ८२ नुसार दोषदुरुस्तीची जबाबदारी ‘नोंद’ घेतल्याने संपत नाही. याउलट पुढच्या वर्षाच्या लेखापरीक्षकाची नुसती ‘नोंद’ घेऊन भागत नाही. त्याला सभेने नेमावे लागते, आणि त्याचे नाव व लेखी संमती ३० दिवसांत विवरणपत्राद्वारे निबंधकांकडे पोचवावी लागते. नेमणूकच लिहिलेली नसेल, तर त्या विवरणपत्राला आधार कशाचा?

सर्वांत घातक शब्द ‘सहमती’. इंदिरानगरमधली ४० सदनिकांची एक संस्था समजा. वृत्तात लिहिले: ‘गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबाबत चर्चा झाली, सर्वांनी सहमती दर्शवली.’ समितीने ४ लाखांचे काम दिले आणि प्रत्येकाकडे १० हजार मागितले. तळमजल्याचे काका विचारतात, ‘समान वर्गणी कधी ठरली?’ वहीत उत्तर नाही. काम करायला हवे हे सभेला पटले होते. किती पैसे, कोणाचे आणि कोणाकडून, हे ठरलेच नव्हते.

तिथे हवा होता तो ठराव: ‘४ लाखांपर्यंतच्या खर्चास मंजुरी देण्यात येते, रक्कम दुरुस्ती निधीतून द्यावी, कमी पडल्यास सदनिकानिहाय समान वर्गणी घ्यावी, काम देण्याचा अधिकार समितीस राहील.’ खाली सूचक, अनुमोदक आणि विरोध असल्यास विरोध करणाऱ्यांची नावे. ‘तत्त्वतः मान्यता’ मात्र वेगळी. तिच्यावर कोटेशन मागवता येतात, चेक फाडता येत नाही.

मग पुढच्या सभेत ‘मागील सभेचे वृत्त कायम करणे’ हा विषय येतो आणि काका पुन्हा उठतात. कायम करणे म्हणजे जे झाले ते बरोबर लिहिले आहे, एवढेच. ४ लाखांऐवजी ४० हजार पडले असेल, तर ते तिथे दुरुस्त होते. ठरावच नको असेल, तर तो विषय कार्यसूचीवर वेगळा घ्यावा लागतो.