‘किफायतशीर’ म्हणजे कशापेक्षा?

फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक वाक्य हमखास सापडतं : ‘सर्व बाबींचा विचार करून १४०० मि.मी. व्यासाची पाइपलाइन निवडण्यात आली, कारण ती किफायतशीर आहे.’ मी व्हायवाला बसलो की याच वाक्यावर बोट ठेवतो. किफायतशीर, ती कशापेक्षा? समोरची चार पोरं एकमेकांकडे बघतात.

हा प्रश्न आपल्या शहराचाच आहे. संभाजीनगरला पाणी येतं पैठणच्या जायकवाडीतून. जुन्या वाहिन्या लहान, नव्या योजनेतली २५०० मि.मी.ची. तेव्हा तुमच्या ग्रुपने हाच विषय घेतला असं धरू. रोज १० कोटी लिटर पाणी, अंतर सुमारे ४० किलोमीटर, आणि धरण भरलेलं असतानाही शहर त्याच्या पाण्यापेक्षा साधारण १०० मीटर उंचावर. (प्रत्यक्षात पाणी टप्प्याटप्प्याने उचलतात, आपण हिशेबापुरता एकच टप्पा घेऊ.)

१०० मीटर चढवणं कोणालाच चुकत नाही, पाइप केवढाही घ्या. पाइपच्या व्यासावर ठरतं ते घर्षण. व्यास वाढला की ते पाचव्या घाताने कमी होतं. घर्षण गुणांक ०.०२ धरला, तर १००० मि.मी. पाइपमध्ये सुमारे ८९ मीटर ‘हेड’ घर्षणातच जातं, १२०० मध्ये ३६, १४०० मध्ये साडेसोळा, १६०० मध्ये साडेआठच्या आत.

आता विजेचं बिल बघा. पंपाची कार्यक्षमता ७५ टक्के, चोवीस तास पंपिंग आणि युनिटला ७ रुपये धरले, तर १००० वरून १२०० वर गेल्याने वर्षाला सुमारे ४ कोटी ९० लाख वाचतात. १२०० वरून १४०० वर गेलं की पावणेदोन कोटी. तिथून १६०० वर गेलं तर जेमतेम पाऊण कोटी. म्हणजे प्रत्येक पायरीला बचत झपाट्याने आटते, पण ४० किलोमीटर पोलादाचा जादा खर्च मात्र आटत नाही. पाइपचे दर आणि कर्जाचं व्याज टाकून वाढीव बचत वाढीव खर्चाला जिथे पुरेनाशी होते, तिथे तुमचा व्यास. हा तक्ता रिपोर्टमध्ये असेल, तर ‘किफायतशीर’ हा शब्द लिहायचीही गरज नाही.

आता मर्यादा. ‘निधी मर्यादित आहे’ ही मर्यादा नव्हे, ते सगळ्यांचंच रडगाणं. खरी मर्यादा एखादा पर्याय बाद तरी करते, नाहीतर आकडा तरी हलवते. उदाहरणार्थ, वीज रोज २० तासच भरवशाची आहे असं लिहा. मग तेवढंच पाणी कमी तासांत ढकलावं लागतं, प्रवाह १.२ पट होतो आणि घर्षण १.४४ पट. १४०० मध्ये साडेसोळाचे २४ मीटर होतात, ते निभतं. १००० मध्ये ८९ चे जवळजवळ १२८ होतात, म्हणजे घर्षण प्रत्यक्ष चढावापेक्षा मोठं! असं एक वाक्य रिपोर्टचं सगळं चित्र बदलतं. पण अनेक रिपोर्टांत ‘पंपिंग २४ तास’ हे गृहीतक कुठे लिहिलेलंच नसतं. ते आकडेमोडीत लपून बसलेलं असतं. म्हणून मी आधी परिशिष्ट उघडतो, मग प्रस्तावना.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. निवडलेल्या पर्यायाला एकही तोटा नसतो. गुणांकनाच्या तक्त्यात तो जवळजवळ प्रत्येक रकान्यात पहिला! असा तक्ता बहुधा निर्णय झाल्यावर बनवलेला असतो. तपासायचं सोपं आहे : ‘खर्च’ या निकषाचं वजन ४० ऐवजी ३० करून बघा. विजेता बदलला, तर ते वजन कुठून आलं, हे विचारायलाच हवं.

एकच मोठी वाहिनी ही तेवढंच पाणी देणाऱ्या दोन लहान वाहिन्यांपेक्षा सहसा स्वस्त पडते, घर्षणही कमी. पण ती फुटली की सगळं शहर कोरडं. नळाला पाणी दिवसाआड नव्हे, आठवड्याने येतं असे दिवस आपण पाहिलेत, तेव्हा याची किंमत आपल्याला कळते. दोन वाहिन्या असत्या तर निदान निम्मं पाणी चालू राहिलं असतं. शिवाय मोठ्या पाइपमध्ये सुरुवातीच्या वर्षांत मागणी कमी असली, की वेग मंदावतो आणि कच्च्या पाण्यातला गाळ तळाशी बसतो. यातलं काही लिहायला गुण कापले जातील अशी भीती तुम्हाला वाटते. माझ्याकडे तरी उलटं आहे. ‘आम्ही एकच वाहिनी घेतली. ती फुटल्यास पुरवठा पूर्ण थांबेल. दुरुस्तीला दोन दिवस लागतील असं धरून शहरात तेवढा साठा ठेवला आहे’ असं लिहिलेला रिपोर्ट समोर आला, तर मी पुढचा प्रश्न फक्त त्या टाक्यांच्या आकाराबद्दल विचारेन.