धड्यानं मूल घाबरत नाही

बालवाडीत शरीरसुरक्षेचे धडे नकोत, असं एका ज्येष्ठ शिक्षकांनी पालकांपुढे ठासून सांगितलं. मुलं घाबरतील, मोठ्यांचा मान ठेवणार नाहीत आणि या वयात त्यांना कळणार तरी काय? अनोळखी माणसापासून दूर राहा म्हटलं की पुरे, असं त्यांचं म्हणणं.

शेवटचा मुद्दा आधी निकालात काढू. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला चार वर्षांच्या दोन मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात अटक झाली ती त्यांच्याच शाळेतल्या सफाई कामगाराला. रोज दिसणारा माणूस मुलांना अनोळखी कसा वाटावा? मानाचं म्हणाल, तर गालाची पापी द्यायला नको म्हणणारी नात आजोबांच्या पाया पडतेच.

राहिली भीती. शाळांमधल्या अशा कार्यक्रमांच्या २४ चाचण्यांचा कोक्रेन संस्थेनं २०१५ साली आढावा घेतला. मुलांची समज वाढलेली दिसली, भीती वाढल्याचं दिसलं नाही. गोंधळ होतो तो धडा चुकीचा दिला तर. आपल्याकडे सर्रास ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवतात, म्हणजे कसं वाटलं यावरून मुलानंच ठरवायचं. मग सुई टोचणारे डॉक्टर वाईट ठरतात. आणि गुदगुल्या करत, चॉकलेट देत कुणी चड्डीत हात घातला, मुलाला दुखलं नाही, तर तो स्पर्श चांगला? अमेरिकेत सँडी वुर्टेल आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली बालवाडीच्या वयाच्या मुलांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. भावनेवर बेतलेल्या धड्यापेक्षा नियमावर बेतलेला धडा त्यांना नीट कळला. एवढा पुरावा असताना ‘या वयात काय कळणार’ हे कुठल्या आधारावर म्हणायचं?

नियम साधा आहे. ताई बाहुलीला चड्डी घालतात आणि सांगतात, ‘चड्डीखालची जागा आपली खासगी. तिथे कुणी हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही. धुवायला किंवा औषध लावायला आई, आजी किंवा डॉक्टर हात लावतील, पण ते कधीच गुपित नसतं.’ मग प्रश्न विचारतात. ‘शी धुताना आजीनं हात लावला, तर?’ ‘चालेल.’ ‘दादा म्हणाला, खेळ खेळू, पण आईला सांगू नकोस?’ ‘नको म्हणायचं, निघून यायचं, सांगायचं.’ दहा-पंधरा मिनिटं पुरतात, मात्र उजळणी वरचेवर हवी. मूल आंघोळीलाच नको म्हणू लागलं, तर अपवाद शिकवायचा राहिला असं समजावं.

चार वर्षांचं मूल मोठ्या माणसाला अडवू शकत नाही. म्हणून ‘नको म्हणता आलं नाही तरी तुझी चूक नाही, नंतर सांगितलंस तरी चालेल’ हेही त्याच धड्यात हवं. मुलानं सांगितलं की खोदून खोदून विचारू नये, त्याचेच शब्द लिहून ठेवावेत. पोक्सो कायद्याच्या १९व्या कलमानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेची अब्रू राखायला गप्प बसणाऱ्यालाही २१व्या कलमाखाली शिक्षा होते.