घरकुलाच्या भिंतीत किती सिलिंडर?

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात राज्यातील सुमारे २० लाख ग्रामीण कुटुंबांना प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलांची मंजुरीपत्रे देण्यात आली. चर्चा झाली ती अनुदान पुरेल का, वाळू कुठून येणार, हप्ता वेळेवर पडेल का, याची. ते प्रश्न खरेच आहेत. पण ही घरे उभी राहताना जो कोळसा, तूस आणि डिझेल जळणार आहे, त्याचा हिशेब कोणी मांडला नाही. सरकारी रुग्णालयात छातीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत वीटभट्टीवरचे मजूर आणि भट्टीच्या वाऱ्याच्या दिशेला राहणारी माणसे नेमाने दिसतात. त्यामुळे माझ्यासाठी हा हिशेब आरोग्याचाही आहे.

एखादी वस्तू तयार होऊन बांधकामाच्या जागी पोहोचेपर्यंत तिच्यासाठी जेवढी ऊर्जा खर्च होते, तिला त्या वस्तूतील ‘अंतर्भूत ऊर्जा’ म्हणतात. विटेच्या बाबतीत ती भट्टीत जळते. सिमेंटच्या बाबतीत चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सियसला भाजताना आणि पोलादाच्या बाबतीत लोहखनिज वितळवताना. घर बांधून झाल्यावर दिवे-पंख्यांना लागते ती ऊर्जा वेगळी. वातानुकूलित इमारतीत ही दुसरी ऊर्जा कालांतराने पहिलीला कितीतरी मागे टाकते. दोन पंखे आणि चार दिवे असलेल्या घरकुलात मात्र बांधतानाच खर्च झालेली ऊर्जा हाच मोठा भाग असतो.

आपल्याकडच्या साहित्याचे आकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील व्यंकटराम रेड्डी आणि जगदीश यांनी २००३ मध्ये मांडले, आणि आजही बहुतेक जण त्यांचाच आधार घेतात. त्यानंतर सिमेंट आणि पोलादाचे कारखाने सुधारले, त्यामुळे काही आकडे आज कमी भरतील. तुलना करण्यासाठी मात्र ते चांगलेच उपयोगी आहेत. अडचण एककाची आहे. मेगाज्यूल म्हटले की वाचक पान उलटतो. म्हणून मी स्वयंपाकघरातले माप घेतो. १४.२ किलो गॅसच्या एका घरगुती सिलिंडरमध्ये साधारण ६५० मेगाज्यूल ऊर्जा असते. एका भाजलेल्या विटेला ४.२५ मेगाज्यूल लागतात, म्हणजे दीडशे विटांमागे एक सिलिंडर. ५० किलो सिमेंटच्या गोणीला जवळपास अर्धा. आणि १५ किलो सळईला एक.

आता एक घर घेऊ. योजनेतील किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे, त्याच्या आसपासचे दोन खोल्यांचे. बाहेरून साडेपाच मीटर बाय पाच मीटर, मध्ये एक भिंत, उंची तीन मीटर. दारे-खिडक्या वजा करता नऊ इंची भिंतींचे सुमारे १५ घनमीटर बांधकाम होते. त्याला साडेसात हजार विटा लागतात. मसाल्यासह भिंतींचे होतात ४९ सिलिंडर. वर छज्जा धरून ३० चौरस मीटरचा आरसीसी स्लॅब, त्याचे ३४. म्हणजे पाया आणि दारे-खिडक्या न धरता ८३ सिलिंडर. एखादे कुटुंब वर्षाला सहा-सात सिलिंडर वापरत असेल, तर त्याचा बारा-तेरा वर्षांचा स्वयंपाक या भिंतींत आणि छतात आहे.

पण गावोगाव प्रत्यक्षात जे बांधले जाते ते एवढ्यावर थांबत नाही. एक मजली घराला आठ खांब उभे केले जातात आणि त्यांच्या सळया पुढच्या मजल्यासाठी आकाशाकडे सोडून दिल्या जातात. त्या तशाच गंजतात. एका खांबाला पायापासून धरून पंचवीसेक किलो सळई लागते. आठ खांबांची २०० किलो झाली, म्हणजे १३ सिलिंडर. त्यांच्या काँक्रीटला चौदा गोणी सिमेंट, आणखी ६. असे १९ सिलिंडर अशा कामासाठी गेले, जे नऊ इंची भिंत एरवीही करतेच. एका मजल्याचा भार ती सहज पेलते. खांबाचे घर ‘पक्के’ आणि भिंतीचे ‘साधे’ हा समज गवंड्यापासून घरमालकापर्यंत सगळ्यांत मुरला आहे. माझ्या मते या हिशेबातली सर्वांत निरर्थक उधळपट्टी हीच. अपवाद खोल काळ्या मातीचा. पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनीत मुरूम फार खाली असेल, तर पायासाठी खांब किंवा पाइल लागू शकतात. तो निर्णय जमीन पाहून अभियंत्याने करावा.

भिंतीतली बचत वीट रचण्याच्या पद्धतीत आहे. लॉरी बेकर यांनी केरळमध्ये शेकडो घरांत वापरलेली ‘रॅट-ट्रॅप बॉन्ड’ पद्धत अशी: वीट आडवी न निजवता कडेवर उभी ठेवायची. दोन विटा समोरासमोर, मध्ये पोकळी आणि ठरावीक अंतरावर एक वीट आडवी घालून दोन्ही बाजू बांधायच्या. भिंत नऊ इंचीच राहते, पण विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि मधल्या हवेमुळे ऊन आत यायला वेळ लागतो. आपल्या घरात १२ सिलिंडर वाचतात. (बेकर मुळात वास्तुविशारद असले तरी दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये रुग्णसेवा पथकात होते, भारतात कुष्ठरोग्यांच्या कामासाठी आले आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर होत्या. आमच्या जमातीला ते जवळचे वाटतात ते त्यामुळे.)

ही पद्धत आपल्याकडे फसते ती दोन ठिकाणी. पहिले, स्थानिक भट्टीची वीट वेडीवाकडी असते. कडेवर उभ्या विटांच्या दोन ओळी एका पातळीत येत नाहीत, मग गवंडी सांध्यात मसाला भरत सुटतो आणि वाचलेले सिमेंट तिथेच जाते. विटा घेण्याआधी दहा विटा ओळीने लावून लांबी मोजावी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज यायला हवा. एक कोरडी वीट तोलून, दिवसभर पाण्यात बुडवून पुन्हा तोलली आणि वजन पाचव्या हिश्शाहून जास्त वाढले, तर ती वीट कच्ची आहे. दुसरे, विजेच्या नळ्या. भिंत झाल्यावर छिन्नीने खाचा पाडल्या की उभी वीट फुटते. बोर्ड कुठे येणार ते आधीच ठरवून नळी पोकळीतून न्यावी.

त्याहून मोठी उडी मारायची तर वीट भाजायचीच नाही. माती, वाळू आणि सहा-सात टक्के सिमेंट मिसळून हाताच्या यंत्रात दाबलेले ठोकळे तीन-चार आठवडे पाणी मारून मुरवले की बांधायला तयार होतात. त्यांच्या भिंतींना ४९ ऐवजी १५ सिलिंडर पुरतात. पण माती योग्य हवी. काचेच्या बरणीत माती आणि पाणी हलवून ठेवले की आधी वाळू बसते, वर गाळ आणि सर्वांत शेवटी चिकणमाती. वाळूचा थर निम्म्याहून बराच जाड हवा आणि चिकणमाती थोडीच. कोकणातल्या किंवा घाटाच्या तांबड्या मातीत क्रश सँड मिसळून हे साधते. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती यासाठी चालत नाही. ती सुकताना आकसते आणि ठोकळा तडकतो. तिथे औष्णिक वीज केंद्रांच्या राखेच्या विटा हा जवळचा पर्याय आहे. कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळची राख तशीही उडून लोकांच्या फुप्फुसांत जाते. ती विटेत बंद झालेली बरी. त्या विटाही भट्टीत भाजाव्या लागत नाहीत.

मराठवाड्यात मातीच्या घराचे नाव काढले की लोक किल्लारी म्हणतात, आणि त्यांचे चुकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जवळपास आठ हजार माणसे गेली, ती बहुतांशी चिखलात रचलेल्या दगडी भिंतींखाली. त्या भिंती अतिशय जाड होत्या, आतली आणि बाहेरची बाजू जोडणारे आडवे दगड त्यांत नव्हते आणि वर मातीच्या धाब्याचे प्रचंड वजन होते. दाबलेला ठोकळा सिमेंटच्या मसाल्यात बांधतात, त्यामुळे तुलना सरळ होत नाही. तरीही ठोकळा असो की रॅट-ट्रॅप, जोत्यावर आणि दाराच्या वर लिंटेलच्या पातळीत सगळ्या भिंतींना कवेत घेणारी काँक्रीटची सलग पट्टी हवीच. शिवाय भूकंपप्रवण भागात कोपऱ्यांत उभी सळईही हवी. दोन पट्ट्यांचे सात-आठ सिलिंडर होतात. ते कमी करू नयेत. आठ खांबांपेक्षा ते निम्म्याहून स्वस्त आहेत.

राहिले छत. स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट केवळ सळईला धरून ठेवते, भार पेलत नाही. तिथे सळयांच्या चौकटीत मंगलोरी कौले बसवून स्लॅब ओतला की त्याला फिलर स्लॅब म्हणतात. बचत सहा-सात सिलिंडरची, म्हणजे पाचव्या भागाची. लाकडी वाशांवरचे कौलारू छत तर ३४ ऐवजी ११ सिलिंडरमध्ये होते. पत्र्याचेही गणित स्लॅबपेक्षा हलकेच येते. मात्र इथे डॉक्टर म्हणून मला आडवे यावे लागेल. उघड्या पत्र्याखाली मे महिन्याच्या दुपारी बाळंतीण, तान्हे मूल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे आजोबा झोपवणे ही बचत नव्हे. पत्रा घालायचाच तर खाली बांबूची चटई किंवा लाकडी फळ्यांचे छत आणि मधून वारा जाईल अशी फट ठेवावी.

गिलावा टाळला की खूप वाचते असे वाटते. दोन्ही बाजूंचा मिळून तो तीन-चार सिलिंडरचाच आहे, हौस असेल तर करावा. ‘जवळचे साहित्य वापरा’ हा सल्लाही अर्धाच खरा. साडेसात हजार विटा शंभर किलोमीटरवरून आणल्या तर वाहतुकीला पाचच सिलिंडर पडतात, भट्टीपुढे ते काही नाही. वाळू आणि डबर यांच्यात मुळातच ऊर्जा नगण्य असते, तिथे मात्र अंतर हाच सगळा खर्च.

खांब धरून आपले घर १०२ सिलिंडरवर गेले होते. खांब गाळून, दोन पट्ट्या ठेवून, रॅट-ट्रॅप भिंत आणि फिलर स्लॅब घेतला तर ते ७२ वर येते. माती साथ देईल तिथे ठोकळे वापरले तर ५० वर. यातले काहीही योजनेच्या नियमांत अडत नाही. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने प्रादेशिक घरनमुन्यांचा ‘पहल’ नावाचा संग्रहही काढला आहे. अडते ते गवंड्यापाशी. त्याच्या हाताला खांब आणि स्लॅब बसले आहेत. उभ्या विटेची भिंत एकदा शिकवायला दोन-तीन दिवस पुरतात, पण ते दिवस मजुरीसकट कोण देणार, हे पंचायत समितीच्या अंदाजपत्रकात लिहिलेले नसते. मंजुरीपत्र हाती असलेल्यांनी पहिला हप्ता पायात जाण्याआधीच गृहनिर्माण अभियंत्याला एवढे विचारून घ्यावे: आमच्या जमिनीत मुरूम किती खाली आहे, आणि खांब खरेच लागतात का?