पगारातून पीएफ कापला, खात्यात मात्र नाही. अर्जात महिने लिहा

केदारखेडा (ता. भोकरदन): पगारपत्रकात कपात दिसते, पासबुकात जमा नाही. ‘पीएफ भरला नाही’ एवढ्याच अर्जावर मालक ‘बघतो’ म्हणत वेळ मारून नेतो. मूळ पगार १२,००० असेल तर १२ टक्क्यांनी दरमहा १,४४० रुपये कापले जातात. मालकाचा वाटा वेगळा. दोन्ही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. म्हणून अर्जात महिनावार कपात लिहावी, पगारपत्रक अन् पासबुकाच्या प्रती जोडाव्यात, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. कापून न भरणं ही नुसती थकबाकी नाही, कायद्याने तो विश्वासघाताचा गुन्हा ठरतो. उत्तर आलं नाही, तर हीच पोच जोडून epfigms.gov.in वर तक्रार टाकता येते.