नकाराचे सौजन्य

महावीर जन्मकल्याणकाच्या कार्यक्रमात स्तवन गावे, असा आग्रह मंडळाच्या ज्येष्ठांनी केला, तेव्हा त्याच सायंकाळी अंबाजोगाईच्या घरी मी पेटी उघडली. सात वर्षे रियाज नव्हता. पूर्वीच्या काळी पाच पट्टीत अंतरा घेतला. तार षड्जाशी स्वर उतरला आणि ओळ संपण्यापूर्वीच श्वास तुटला. काळी चारमध्ये स्वर लागला, परंतु श्वास तोकडाच राहिला. पट्टी क्षणात बदलता येते. दम वाढण्यास मात्र नित्य रियाजाचे महिने लागतात, आणि कार्यक्रमास दहाच दिवस होते.

“बघते” म्हणणे सोपे होते. पण तेवढ्यावर पत्रिकेत नाव छापले जाते आणि ऐनवेळी दुसरी गायिका मिळत नाही. घसा बसल्याची सबबही नको वाटली. घसा बरा होताच तोच आग्रह पुन्हा आला असता. म्हणून दुसऱ्याच सकाळी दूरध्वनी केला : “काकासाहेब, आपण आठवण ठेवलीत, आभारी आहे. परंतु माझा रियाज सुटला आहे; यंदा एकटी गाणार नाही. समूहस्तवनात मागे बसेन आणि मुलींची तालीम घेईन.”

क्षणभर थांबून त्यांनी विचारले, “तालीम आजपासूनच ठेवू या का?”